पेपरात ‘ब्लँक’ झालात? पहिली तीन मिनिटं अशी वापरा

मार्च महिन्यातली दुपार होती. ओपीडीची गर्दी ओसरली होती आणि मी जेवायला उठणार, एवढ्यात मोटारसायकलवर मधोमध बसवून एका मुलीला आणलं. पुढे काका, मागे वडील. मोहाडी तालुक्यातल्या एका खेड्यातली दहावीची विद्यार्थिनी. बीजगणिताचा पेपर देऊन ती केंद्राबाहेर आली आणि फाटकाजवळच खाली बसली. दोन्ही हातांची बोटं आत वळून ताठ झालेली, ओठांना मुंग्या, छातीत धडधड आणि श्वास भरभर. बरोबरच्या माणसांना वाटलं, फिट आली किंवा लकवा मारला.

तपासलं तर रक्तातली साखर बरोबर, बीपी ठीक, ऑक्सिजन ९९. नाडी तेवढी १२०च्या आसपास. पोरगी पूर्ण शुद्धीवर होती आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देत होती. हा लकवा नव्हता आणि फिटही नव्हती. घाबरून फार भरभर श्वास घेतल्याचा परिणाम होता. तिला हळू श्वास सोडायला शिकवलं, शेजारी बसून मोजत राहिलो, वीस मिनिटांत बोटं सुटली. मग वडील म्हणाले, “साहेब, वर्षभर अभ्यास केला जी पोरीनं. आन् पेपरात सारंच इसरली.”

‘सारंच इसरली’ हे शब्द दर फेब्रुवारी-मार्चमध्ये ऐकायला मिळतात. म्हणून त्या दिवशी मी त्या मुलीला विचारलं, “पेपरात नेमकं काय झालं, पहिल्यापासून सांग.” तिने जे सांगितलं ते जवळपास सगळ्याच मुलांच्या बाबतीत घडतं.

विसरणं आणि न सापडणं

अंकगणिती श्रेढीचा प्रश्न होता, पहिल्या काही पदांची बेरीज काढायची होती. सूत्र तिला पाठ होतं. पण लिहायला गेली की बेरजेच्या सूत्राऐवजी ‘n वं पद’ काढायचं सूत्र डोक्यात येई. हे नाही, हे तिला कळत होतं. ते खोडून पुन्हा आठवायला जावं, तर पुन्हा तेच सूत्र समोर उभं. असं चार-पाच वेळा झालं. मग हात ओले झाले, छाती धडधडू लागली, ‘आता सगळंच गेलं’ असा विचार आला आणि पुढचे येणारे प्रश्नही कोरे दिसू लागले. तिच्या अंदाजाने वीस-पंचवीस मिनिटं त्या एका सूत्रापाशी गेली.

मी विचारलं, “आता आठवतं का ते सूत्र?” तिने लगेच म्हणून दाखवलं.

माझ्याही बाबतीत हे झालेलं आहे. एमबीबीएसच्या दुसऱ्या टप्प्यात, औषधशास्त्राच्या तोंडी परीक्षेत परीक्षकांनी एका अगदी साध्या औषधाचं नाव विचारलं. जीभ टाळ्याला चिकटली. दोन मिनिटं गप्प बसून बाहेर आलो आणि जिना उतरताना तिसऱ्या पायरीवर ते नाव आपोआप तोंडात आलं. जिन्यात मला कुणी शिकवलं नव्हतं. नाव डोक्यातच होतं, परीक्षकांसमोर ते सापडलं नाही एवढंच.

म्हणजे इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माहिती साठवलेलीच नसणं ही एक, आणि साठवलेली माहिती त्या क्षणी बाहेर काढता न येणं ही दुसरी. ब्लँक होणं ही दुसरी गोष्ट आहे. धानाची कोठी भरलेली असते, फक्त अंधारात दाराची कडी हाताला लागत नाही.

असं का होतं? शोधाशोध करण्याचं काम मेंदूच्या कपाळामागच्या भागाकडे असतं. चुकीची आठवण बाजूला सारायची आणि बरोबर ती पुढे आणायची, हे तोच करतो. धोका वाटला की काही सेकंदांत ॲड्रेनॅलिन आणि त्याच्या जातीची रसायनं वाढतात. ती थोडी वाढली तर माणूस तरतरीत होतो, म्हणून पेपराआधीची थोडी धाकधूक फायद्याचीच असते. पण ती फार वाढली की कपाळामागच्या भागाचं काम ढिलं पडतं. चुकीचं सूत्र बाजूला सारणारं कुणी उरत नाही, म्हणून तेच ते पुन्हा समोर येतं. त्यामागून, साधारण वीस-तीस मिनिटांत, कॉर्टिसॉल हे दुसरं रसायन चढतं. स्वित्झर्लंडमधल्या झुरिच इथे डॉमिनिक द क्वेर्वेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी माणसांना काही शब्द पाठ करायला दिले आणि दुसऱ्या दिवशी परीक्षेच्या तासभर आधी कॉर्टिसोनची गोळी दिली. गोळी घेतलेल्यांना आदल्या दिवशीचे शब्द कमी आठवले. शब्द पाठ झालेले होतेच, अडचण आली ती आठवताना.

यातून उपायाची दिशा कळते. ‘आठव, आठव’ म्हणून जोर लावला की घाबरणं वाढतं आणि चुकीचं उत्तर आणखी घट्ट बसतं. आधी शरीर खाली आणायचं, मग आडवाटेने आठवणीपाशी जायचं, आणि तरी जमलं नाही तर तिला थोडा वेळ एकटं सोडायचं. एवढंच करायचं आहे, पण याच क्रमाने.

पहिलं मिनिट: श्वास बाहेर सोडा

पेन खाली ठेवा. दोन्ही तळपाय जमिनीला टेकवा, पाठ बाकाला लावा, खांदे आणि जबडा सैल सोडा. नाकाने चार आकडे मोजेपर्यंत श्वास घ्या आणि सहा आकडे मोजेपर्यंत हळूहळू सोडा, गरम दुधावर साय हलेल इतपत फुंकर घालतो तसा. एका श्वासाला सुमारे दहा सेकंद लागतात. असे सहा श्वास घेतले की एक मिनिट झालं. मोजणं मनातल्या मनात करा. पर्यवेक्षकांच्या लक्षातही येणार नाही.

इथे बहुतेकांची एक चूक होते. ‘खोल श्वास घे’ असं सगळेच सांगतात, म्हणून मुलं छाती फुगवून भराभर मोठे श्वास घेतात. त्याने उलटंच होतं. जास्त श्वासाबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर निघून जातो. तो कमी झाला की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं हलकं वाटतं, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, आणि फारच झालं तर बोटं वळतात. त्या मुलीचं हेच झालं होतं. म्हणून लक्ष आत घेण्यावर ठेवू नका, लांबवून सोडण्यावर ठेवा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, हे नाडीवर बोट ठेवून घरीच तपासता येतं. मुंग्या येत असतील तर समजा की श्वास जास्त होतोय, आणखी लहान आणि हळू घ्या.

एका मिनिटात कॉर्टिसॉल उतरत नाही, त्याला बराच वेळ लागतो. पण धडधड उतरते, हाताचा कंप कमी होतो आणि विचाराला जागा मिळते. पुढच्या पायरीसाठी तेवढं पुरतं.

दुसरं आणि तिसरं मिनिट: उत्तर नको, धागा शोधा

आता उत्तर आठवायला जाऊ नका. उत्तराच्या आजूबाजूचं काहीही आठवा. हा कुठल्या धड्यातला भाग? आकृती होती का, पानावर डावीकडे की उजवीकडे? सरांनी फळ्यावर कुठलं उदाहरण घेतलं होतं? त्यात कुठला आकडा होता? उत्तरपत्रिकेत कच्च्या कामासाठी जी जागा दिलेली असते तिथे, सुटे सुटे शब्द का होईनात, लिहून काढा. प्रश्नपत्रिकेवर मात्र काही लिहू नका.

आठवणी एकेकट्या साठत नाहीत, जाळ्यासारख्या एकमेकींना बांधलेल्या असतात. एक गाठ हाताला लागली की ओढत ओढत दुसरीपर्यंत जाता येतं. ताणाखाली नुसतं आठवणं जितकं बिघडतं, तितकं खूण मिळाल्यावर आठवणं बिघडत नाही. मग ती खूण आपणच आपल्याला द्यायची.

यावरूनच आणखी एक गोष्ट कळते. दोन मिनिटांत आजूबाजूचं काहीतरी हाती लागलं, चुकीचं उत्तर ‘हे नाही’ म्हणून ओळखता आलं, तर उत्तर आत आहे असं समजा. धडा आठवत नाही, आकृती नाही, एक शब्दही नाही, असं असेल तर तो भाग बहुधा पक्का झालेलाच नव्हता. त्यावर वेळ घालवू नका. श्वासाचा कोणताही प्रकार न वाचलेला धडा आठवून देत नाही.

मग: जागा सोडा आणि पुढे जा

तीन मिनिटं झाली आणि उत्तर आलं नाही, तर पुरेशी जागा सोडा, समासात प्रश्नाचा क्रमांक लिहा आणि ज्याचं उत्तर नक्की येतं असा लहानात लहान प्रश्न घ्या. हे पळ काढणं नाही. जोपर्यंत तुम्ही त्याच प्रश्नाशी झगडता, तोपर्यंत चुकीचं सूत्र ताजं राहून वाट अडवतं. लक्ष दुसरीकडे गेलं की ते फिकं पडतं आणि अडलेलं पुष्कळदा आपोआप पुढे येतं. माझ्या जिन्यात हेच झालं होतं. शिवाय एक प्रश्न नीट सुटला की ‘सगळंच गेलं’ हा विचार खोटा ठरतो.

वेळेचा हिशेब मुलांना फार घाबरवतो, म्हणून तोही मांडतो. दहावीला बीजगणित, भूमिती आणि विज्ञानाचे दोन्ही भाग प्रत्येकी ४० गुणांचे आणि दोन तासांचे असतात. १२० मिनिटांना ४० गुण, म्हणजे गुणामागे तीन मिनिटं. या सगळ्या उपायाला एका गुणाइतकाच वेळ लागतो. पूर्वी प्रश्नपत्रिका दहा मिनिटं आधी हातात मिळायची. २०२३च्या परीक्षेपासून मंडळाने ते बंद करून शेवटी दहा मिनिटं वाढवून दिली. श्वासाची आणि शोधाची तीन मिनिटं त्या दहांतून गेली असं धरा. त्या मुलीची पंचवीस मिनिटं मात्र आठ गुणांची होती.

चार दिवसांनी

बीजगणित झालं होतं, पण भूमिती आणि विज्ञान बाकी होतं. मी तिला हे सगळं सांगितलं आणि घरी तालीम करायला लावली. घड्याळ लावून जुना पेपर सोडवायचा, मध्ये एका प्रश्नाला मुद्दाम थांबायचं आणि पेन खाली ठेवण्यापासून जागा सोडण्यापर्यंत सगळं करून बघायचं. तीन वेळा तरी. घाबरलेल्या अवस्थेत नवी गोष्ट सुचत नाही, हाताला सवय असलेलीच गोष्ट होते. ज्यांनी हा उपाय फक्त वाचला त्यांना तो पेपरात आठवत नाही, हा माझा दरवर्षीचा अनुभव आहे.

विज्ञान भाग १च्या पेपरात मुक्तिवेगाचं सूत्र मिळवायचा प्रश्न आला. संध्याकाळी वडिलांच्या फोनवरून तिने मला सगळं सविस्तर सांगितलं. व्याख्या लिहिली आणि पुढे पाटी कोरी. पेन खाली, सहा श्वास. मग कच्च्या कामाच्या जागेत तिने तीन गोष्टी लिहिल्या : ‘११.२ किमी’, ‘चेंडू वर फेकला, परत आला नाही’, ‘अनंत’. दोन मिनिटं झाली, सूत्र आलं नाही. तिने अर्धं पान सोडलं आणि धातुविज्ञानाचा प्रश्न लिहायला घेतला.

तो लिहून झाल्यावर ती परत आली आणि स्वतःच्याच तीन खुणा वाचल्या. चेंडू परत आला नाही, म्हणजे तो अनंत अंतरावर जाऊन थांबला. थांबला म्हणजे गतिज ऊर्जा शून्य. इतका दूर गेला म्हणजे स्थितिज ऊर्जाही शून्य. मग एकूण ऊर्जा शून्य, आणि ऊर्जा अक्षय्य असते म्हणून फेकतानाही ती शून्यच असली पाहिजे. फेकताना गतिज ऊर्जा ½mv² आणि स्थितिज ऊर्जा −GMm/R. दोन्हींची बेरीज शून्य धरली की ½mv² = GMm/R, आणि त्यातून v = √(2GM/R). सूत्र जसंच्या तसं आठवलं नव्हतं. ‘अनंत’ या एका शब्दाला धरून ती तिथवर चालत गेली होती. “सर, शेवटी ११.२ बी लिहिलं,” असं तिने मुद्दाम सांगितलं.

सूत्र तरीही आलं नसतं, तर? तर जेवढे टप्पे आठवले तेवढे लिहायचे. अशा प्रश्नांना टप्प्याटप्प्याने गुण असतात. कोऱ्या जागेला कुणी गुण देऊ शकत नाही.

घरी काय करावं, काय करू नये

ब्लँक होण्याची भीती मुळातच कमी करायची असेल तर अभ्यासाची एकच सवय बदला. तीच पानं पुन्हा पुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा होतो आणि ‘येतं’ असं वाटतं. पण ओळखणं वेगळं आणि पुस्तक मिटून सांगणं वेगळं. वाचून झालं की पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा आणि मग पुस्तक उघडून चुकलेलं तेवढं बघा. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली हे तपासलं. नुसतं वाचून पाठ केलेल्यांची आठवण ताणाखाली घसरली. आठवून आठवून पाठ केलेल्यांची घसरली नाही. ज्या वाटेने शंभर वेळा जा-ये झाली, ती अंधारातही पायाखाली येते.

परीक्षेच्या सकाळी मूल उपाशी पाठवू नका. आपल्याकडे कित्येक मुलं आठच्या एसटीने निघतात आणि पेपर सुटतो दुपारी. ऊन, उपास आणि घाबरणं एकत्र आलं की चक्कर येते. पोहे, भाकरी-भाजी, वरण-भात, जे रोज खातो ते थोडं खाऊन जावं आणि पाण्याची बाटली बरोबर ठेवावी. सिकलसेल असलेल्या मुलांनी तर पाणी कमी पडूच देऊ नये, त्यांना त्यातून दुखणं उपटू शकतं. रात्रभर जागून वाचलेलं सकाळी सापडत नाही, म्हणून सहा-सात तासांची झोप मोडू नये.

आणखी एक गोष्ट अलीकडे दिसू लागली आहे. धडधड थांबवायला प्रोप्रानोलॉलसारखी गोळी किंवा ‘शांत राहायला’ म्हणून झोपेची गोळी मेडिकलमधून आणून मुलांना दिली जाते. हे कृपया करू नका. पहिल्या गोळीने दम्याच्या मुलाचा श्वास कोंडू शकतो आणि बीपी उतरून चक्कर येऊ शकते. झोपेच्या गोळ्यांनी तर आठवण आणखी मंदावते. जी आठवण शोधायची, तिच्याच डोळ्यांवर झापड आणून कसं चालेल?

डॉक्टरांकडे कधी जायचं

पेपरात एकदा अडखळणं हा आजार नाही. पण पेपर सोडून उठावंसं वाटण्याइतकी घबराट पुन्हा पुन्हा येत असेल, परीक्षेच्या पंधरा दिवस आधीपासून झोप आणि जेवण तुटलं असेल, किंवा खरोखर शुद्ध हरपली असेल, तर जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. कधी कधी यामागे रक्ताची कमतरता, थायरॉइड किंवा मुळातला चिंतेचा आजार निघतो, आणि त्याला उपचार आहेत. मूल ‘जगून काय उपयोग’ अशा भाषेत बोलू लागलं तर निकालाची किंवा पुढच्या पेपराची वाट बघू नका. त्याच दिवशी घेऊन या. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत चालतो, मराठीतही बोलता येतं.

त्या मुलीला बीजगणितात कमी गुण मिळाले, गेलेली पंचवीस मिनिटं काही परत आली नाहीत. पण ती पास झाली आणि आता अकरावीला विज्ञान शाखेत आहे. मध्यंतरी आईची बीपीची गोळी न्यायला ओपीडीत आली होती. प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेत पुन्हा ब्लँक झाल्याचं तिने सांगितलं. तिथे पेन नव्हतं, म्हणून मग काय केलंस, असं मी विचारलं. म्हणाली, “सरांना म्हटलं, एक मिनिट द्या. आन् श्वास मोजला.”